घर मोडले, असे लिहू का?

मागच्या मे महिन्यात एका उत्तरावर मी लाल शाईने बरोबरची खूण केली, आणि ती खूण चुकली होती हे मला शेजारच्या आजींनी रातांबे फोडता फोडता सांगितले. त्यांची नात स्पर्धा परीक्षेची तयारी करते. दुपारची जेवणे झाली की वही घेऊन ती माझ्या पडवीत येते आणि मी निवृत्त शिक्षिकेच्या सवयीने तिची उत्तरे तपासते. त्या दिवशीचा प्रश्न होता, औद्योगिकीकरणाचे कामगार, कुटुंबे आणि वाढती शहरे यांवर झालेले सामाजिक परिणाम स्पष्ट करा. मर्यादा २५० शब्द. मुलीचे अक्षर मोत्यासारखे, मुद्दे रांगेत. कुटुंबाच्या मुद्द्याखाली तिने लिहिले होते, ‘औद्योगिकीकरणामुळे एकत्र कुटुंबपद्धती मोडून विभक्त कुटुंबे उदयास आली.’ हे वाक्य मी स्वतः वर्गात इतक्या वेळा फळ्यावर लिहिले आहे की ते वाचण्याचीही गरज मला वाटली नाही. खूण केली आणि पुढच्या ओळीकडे गेले.

संध्याकाळी ती घरी उत्तर मोठ्याने वाचत होती. मध्ये फक्त गडगा असल्यामुळे मला सगळे ऐकू येत होते. आजी अंगणात बसल्या होत्या, पुढ्यात रातांब्यांची टोपली, एका बाजूला सालींचे पातेले, दुसऱ्या बाजूला बियांचे, आणि हात मनगटापर्यंत लालजांभळे. वाक्य संपताच त्या म्हणाल्या, “मोडला? कुणाचा मोडला गो? तुझा आजोबा एकवीस वर्षां गिरणीत होता. घर इथंच होता आणि मी पण इथंच होते.”

नातीने विचारले, “मग काय लिहू?”

आजींनी उत्तर दिले नाही, आणि गडग्याच्या अलीकडे बसलेल्या मलाही ते देता आले नाही.

रात्री मी त्या घराचा हिशेब मनात मांडून पाहिला. आजोबा १९६१ साली मुंबईला गिरणीत लागले आणि १९८२ च्या संपात घरी आले ते कायमचे. या एकवीस वर्षांत त्यांची बायको, आई, दोन भाऊ, भावजया आणि सगळ्यांची मुले याच घरात, एकाच चुलीवर जेवत होती. दर महिन्याला चाळीस रुपयांची मनिऑर्डर यायची, पुढे ती वाढली. त्या पैशांत कपडे, रॉकेल, मीठ, शेतसारा आणि लग्नाचे कर्ज भागत असे. घरचे भात शिमग्यापर्यंत कसेबसे पुरायचे, त्यानंतरचे तांदूळही त्याच पैशांतून विकत घ्यायचे. आपण नेहमी इथवरच सांगतो: मुंबईहून पैसे आले आणि कोकण जगले. पण आजींच्या घरातून मुंबईकडेही बरेच काही जात होते. मे महिना संपवून चाकरमानी परत निघाला की त्याच्याबरोबर कुळथाचे पीठ, सुकी मासळी, आमसुले आणि पोह्यांची पिशवी जायची. याहून मोठी गोष्ट अशी की, तो आजारी पडला तेव्हा तीन महिने इथे येऊन पडला आणि त्याचे औषधपाणी इथे झाले. त्याची मुले इथे वाढली, त्याची आई इथे म्हातारी झाली आणि शेवटी तोही इथेच आला. गिरणीने त्याला मजुरी दिली ती एका माणसाच्या पोटापुरती. उरलेल्या कुटुंबाला पोसण्याचा, आजारपण काढण्याचा आणि म्हातारपण सांभाळण्याचा खर्च गिरणीच्या कोणत्याही वहीत नव्हता, कारण तो नाचणीच्या वरकस शेतात आणि बायकांच्या कमरेतून भरला जात होता.

म्हणजे घर मोडले नव्हते, ते दोन टोकांना ताणून धरलेले होते. गिरणीला ते तसे ताणलेलेच सोयीचे होते.

हे एकाच घराचे नव्हते. मुंबईत पहिली कापड गिरणी १८५४ साली उभारायला घेतली आणि दोन वर्षांनी ती चालू झाली. १९११ मध्ये मुंबईच्या कापड गिरण्यांतले जवळजवळ निम्मे कामगार एका रत्नागिरी जिल्ह्यातले होते, आणि तेव्हाच्या रत्नागिरीत आजच्या सिंधुदुर्गाचाही बराच भाग धरलेला होता. इतकी माणसे एका पट्ट्यातून गेली, तरी घरे गावाला का राहिली? एक कारण जागेचे भाडे. दुसरे कारण बदलीचे. नवा माणूस कायम नसायचा. रोज सकाळी गिरणीच्या दारात उभे राहायचे, कोणी गैरहजर असेल तर आत घेतले जायचे, नाहीतर खोलीवर परत. महिन्यात किती दिवस भरतील हे ज्याला माहीत नाही, तो बायकामुलांना कशाच्या भरवशावर आणणार? शिवाय आत घ्यायचे की नाही हे मुकादमाच्या हातात, आणि मुकादम बहुधा आपल्याच भागातला. नोकरी गावाच्या ओळखीने मिळायची, म्हणून गाव सोडणे परवडणारे नव्हते. शेत हा संपाच्या काळातला आणि आजारपणातला एकमेव विमा होता.

माझे वडील दुसऱ्या एका गिरणीत होते. नऊ वर्षांची असताना मी एकदाच त्यांच्याकडे राहायला गेले होते, म्हणून हे सगळे मला पुस्तकातले वाटत नाही. लालबागच्या एका चाळीत आमच्या गावकीची खोली होती, दहा बाय बाराची. खोलीची मालकी गावाची आणि महिन्याची वर्गणी प्रत्येकाची. भिंतीला लागून पत्र्याच्या ट्रंका एकावर एक रचलेल्या, प्रत्येकीवर रंगाने नाव. वर आडव्या दोऱ्यांवर धोतरे आणि पंचे. खोलीवर तिसांहून अधिक नावे होती आणि ती मावत होती ती पाळ्यांमुळे. पहिल्या पाळीचा माणूस वळकटी गुंडाळून निघाला की तिसऱ्या पाळीचा तीच जागा घ्यायचा. जमीन कधी गार होत नसे, असे वडील हसून सांगायचे. खोबरेल तेल, विडी आणि ओल्या कपड्यांचा एकत्र वास मला अजून आठवतो. वडिलांच्या केसांत आणि कानांच्या पाळीवर कापसाचे तंतू असायचे; ते मला म्हातारे झाल्यासारखे दिसले होते आणि मी रडले होते. गावकीच्या खोलीत बायकामाणसांनी झोपायचे नाही असा नियम होता, म्हणून रात्री मला खाली खानावळवाल्या मावशींकडे झोपवले. त्या एकट्या पंचवीस माणसांचे दोन वेळचे जेवण रांधायच्या, पैसे महिन्याच्या पगारावर. माझ्या आईच्या हातचे जेवण वडिलांना वर्षाला महिनाभर मिळायचे आणि उरलेले अकरा महिने या मावशींच्या हातचे. त्या वेळी मला त्यांचा मत्सर वाटला होता. आता वाटते, त्यांच्याही घराचे काय झाले हे मी विचारायला हवे होते. अशाच खानावळवाल्या बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. उत्तरपत्रिकेत ‘कामगार’ म्हटल्यावर या बायका कोणाच्याच डोळ्यांसमोर येत नाहीत, कारण गिरणीच्या हजेरीपटावर त्या नव्हत्या. त्यांच्या भाकरीशिवाय मात्र पहिली पाळी उभी राहिली नसती.

दुसऱ्या दिवशी मुलगी आली तेव्हा मी आधी माझी खूण खोडली. तिने विचारले, “बाई, मग पुस्तकातले वाक्य चूक आहे का?” हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नव्हता. ते वाक्य आपल्याकडे इंग्लंडच्या औद्योगिक क्रांतीच्या धड्यातून आलेले आहे, निदान तिथे तरी ते खरे असेल असे मी धरून चालले होते. पण तिथेही ते लंगडेच आहे. इंग्लंडमध्ये गिरण्या येण्याआधी आपल्यासारखी मोठी एकत्र कुटुंबे सर्रास नव्हतीच. आईबाप आणि मुले, फार तर एखादा नोकर, एवढेच घर तिथे शतकानुशतके चालत आले होते. मोडायला एकत्र कुटुंब होते कुठे? उलट लँकेशायरमधल्या प्रेस्टन या गिरण्यांच्या शहराची १८५१ ची जनगणना मायकेल अँडरसन यांनी तपासली तेव्हा दिसले ते असे की, गिरणीच्या शहरात आजी, भाचरे, लग्न झालेली मुले असे नातलग एकत्र राहण्याचे प्रमाण वाढलेले होते. कारण साधे होते. घरभाडे वाटून घ्यायला माणसे हवीत, आणि आई गिरणीत गेल्यावर तान्ह्याला सांभाळायला आजी हवी. तिथे बायका आणि मुले मोठ्या संख्येने गिरणीत होती, आणि १८३३ च्या कायद्याने कापड गिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांना बंदी घालावी लागली, यावरून काय ते कळते. मुंबईत मात्र गिरणीतल्या बायका विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाचवा ते चौथा हिस्सा एवढ्याच होत्या, बहुतेक रिळे आणि कांड्यांच्या खात्यात. एकच यंत्र आणि एकच कापूस, पण तिथे नातलग एका छपराखाली दाटले आणि इथे नवरा-बायको समुद्राच्या दोन टोकांना राहिली.

मुलगी बराच वेळ गप्प होती. मग तिने पेन उचलले आणि ‘एकत्र कुटुंबपद्धती मोडून’ यावर एक सरळ रेघ मारली.

त्यानंतर आम्ही कामगारांच्या परिच्छेदाकडे वळलो. तिने लिहिले होते, ‘कामाचे तास वाढले, वेतन कमी होते, परिस्थिती हलाखीची होती.’ मी तिला एक परीक्षा करायला सांगितली. या वाक्यातल्या गिरणीच्या जागी कोळशाची खाण घाल, मुंबईच्या जागी जपानमधले ओसाका घाल. तरीही वाक्य तसेच उभे राहिले तर तू काहीच सांगितलेले नाहीस. खाणीत न घडणारी आणि साच्यावरच, म्हणजे मागावरच, घडणारी एखादी गोष्ट हवी. मग मी तिला आडवे सूत घेऊन मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याची गोष्ट सांगितली. वडील साचेखात्यात होते. साच्यावरच्या धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालायची, आणि तिचे सूत धोट्याच्या बारीक छिद्रातून बाहेर काढायचे. ते हाताने निघत नसे. धोटा तोंडाला लावून श्वास आत ओढायचा की सुताचे टोक बाहेर यायचे. दिवसातून शेकडो वेळा, आणि तोच धोटा दुसऱ्या पाळीतल्या माणसाच्या तोंडाला. दमटपणा राखण्यासाठी बंद ठेवलेल्या खिडक्या, साच्यांचा असा आवाज की माणसे ओठांच्या हालचालींवरून बोलणे ओळखायची, आणि श्वासाबरोबर आत जाणारे तंतू. एवढे ऐकून ती म्हणाली, म्हणजे आरोग्यावरचा परिणाम. मी म्हटले, अजून संपले नाही.

साचेखात्यात पगार जास्त होता, आणि त्याच खात्यात अस्पृश्य मानलेल्या जातींच्या कामगारांना प्रवेश नव्हता. कारण तोच धोटा. दुसऱ्याच्या तोंडचा उष्टा धोटा सवर्ण विणकरांना चालायचा, पण महाराच्या तोंडाला लागलेला चालणार नव्हता. १९२८ च्या मोठ्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर उघड मांडला, आणि ते ज्या आंबडव्याचे ते गाव आमच्याच जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात आहे. शहरात जातीची बंधने सैल झाली असे आपण लिहितो. काही अर्थाने झालीही, कारण रोख पगार हातात आल्यावर गावची वतनाची वेठ नाकारता आली. पण चांगल्या पगाराच्या दारावर तीच जात एका लाकडी धोट्याच्या रूपाने उभी होती. आमच्या गावकीच्या खोलीवर बौद्धवाडीतले एकही नाव नव्हते. त्यांची खोली निराळी, निराळ्या चाळीत. माझ्या वडिलांनी धोट्याचे सगळे सांगितले, पण हे कधी सांगितले नाही. त्यांना ते सांगण्यासारखे वाटले नसावे, आणि हे लिहिताना मला जड जाते, कारण त्यांच्या फुप्फुसांचे दुःख जेवढे खरे तेवढेच हेही खरे आहे.

शहराच्या परिच्छेदात तिने गर्दी, झोपड्या, रोगराई असे शब्द ओळीने ठेवले होते. इथे मला एक जुनी सावधगिरी सांगावीशी वाटली, ती म्हणजे शहराचे सगळे खापर गिरणीवर फोडू नये. मुंबई गिरण्यांच्या आधीपासून बंदर होती, रेल्वेही तिथे पहिल्या गिरणीच्या आधी, १८५३ साली आली. गिरणीने शहराला काय दिले हे पाहायचे असेल तर १८९६ च्या प्लेगकडे पाहावे. प्लेग पसरला तसे लाखो लोक मुंबई सोडून गेले आणि गिरण्यांना माणसे मिळेनात. माणसे गेली कुठे? ज्यांचे घर दुसरीकडे शाबूत होते, ती घरी गेली. मँचेस्टरच्या कामगाराला हे शक्य नव्हते, कारण मागे शेत राहिलेले नव्हते. साथ आली की तो आपल्या तळघरातच मरायचा. सव्वाशे वर्षांनी, २०२० च्या मे महिन्यात, मी शिकवले त्या शाळेच्या वर्गांमध्ये मुंबईहून आलेले चाकरमानी चौदा-चौदा दिवस विलगीकरणात राहिले होते. फळ्यावर मीच लिहिलेला एक सुविचार अजून होता आणि त्याखाली सतरंज्यांवर माणसे झोपली होती. गावातल्या काहींनी तेव्हा त्यांना शिव्याही दिल्या, रोग घेऊन आले म्हणून. वर्षभर ज्यांच्या पैशांवर देवळाचा कळस चढला होता, त्यांनाच वाडीत पाणी द्यायला लोक बिचकत होते. ताणलेल्या घराच्या गोष्टीत प्रेमच असते असे नाही.

हे ताणलेपण आकड्यांतही दिसते, आणि या उत्तरात मी तिला एवढाच आकडा घालायला सांगितला. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या आणि मुंबई शहर जिल्ह्यात ८३२. गिरण्या तोवर जवळजवळ बंद झाल्या होत्या. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर अडीच लाख कामगारांपैकी पुष्कळजण पुन्हा आत गेलेच नाहीत. तरी पुरुषांनी जायचे आणि बायकांनी राहायचे ही वाट गिरणीने पाडली ती पाडली. पुढे त्याच वाटेने मुले वॉचमन, ड्रायव्हर, कंपनीत कंत्राटी कामगार म्हणून जात राहिली. अर्थात सगळी घरे अशी राहिली नाहीत. कामगारांच्या लढ्यांनी महागाई भत्ता आणि नोकरीची शाश्वती आली, तेव्हा पुष्कळांनी बिऱ्हाडे मुंबईला नेली आणि त्यांची मुले चाळीत वाढली. म्हणून ‘कोकणातील कुटुंबे विभागली गेली’ असे सरसकट लिहिणेही चूकच. मी तिला ‘ज्यांची नोकरी कायम नव्हती आणि ज्यांना जागा परवडत नव्हती त्यांची’ असे लिहायला सांगितले. तिने कुरकुर केली, शब्द वाढतात म्हणून. शब्द वाढतात हे खरेच होते.

चार दिवसांनी तिने नवे उत्तर आणले. शब्द झाले २८१. जेम्स वॅट आणि वाफेच्या इंजिनाची प्रस्तावना मी सरळ काढून टाकली, एकवीस शब्द वाचले. उरलेले दहा कुठे कापायचे यावर आम्ही अर्धा तास घालवला. कुटुंबाच्या परिच्छेदाचे पहिले वाक्य तिने असे लिहिले होते, ‘मुंबईच्या कामगारांनी गावाशी नाते टिकवून ठेवले.’ आजी पडवीच्या पायरीवर बसून ऐकत होत्या. येताना त्यांनी बिस्किटांचा एक जुना डबा आणला होता. त्यात मनिऑर्डरची कुपने होती, कडेने पिवळी पडलेली, प्रत्येकावर पेन्सिलीने लिहिलेली दोन ओळींची जागा. एकावर लिहिले होते, ‘पैसे मिळाल्याचे कळवणे. पाड्याला पेंड घालणे. आईस बरे आहे का.’ बायकोचे नाव कुठेच नव्हते. त्या काळी लिहीत नसत. मुलीने कुपन उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, “आजी, मग नाता टिकवला कुणी?”

“आता ता पण मीच सांगू?” आजी म्हणाल्या.

तिने वाक्याचा कर्ता बदलला. ‘गावात राहिलेल्या स्त्रियांनी शेती, म्हातारे आणि मुले सांभाळल्यामुळे गिरणीला एकट्या पुरुषापुरत्या मजुरीत कामगार मिळाला.’ वाक्य लांबले, म्हणून शेवटचा समारोपाचा परिच्छेद उडवावा लागला, आणि मला त्याचे मुळीच वाईट वाटले नाही. पंधरापैकी मी तिला आठ गुण दिले. शहराचा भाग अजून कच्चा होता. प्लेगचे वाक्य तिने कारण न देता नुसतेच ठेवले होते. ती वाद घालायला लागली होती, तेवढ्यात दक्षिणेकडून गार वारा आला आणि ढग काळवंडले. अंगणात सुपांवर आणि जुन्या साडीवर दोन पुटे दिलेली आमसुले वाळत होती. वही तशीच उघडी टाकून ती धावली, तिच्यामागे मी, आणि आजी पायरीवरूनच ओरडून सांगत होत्या की साडी चारी कोपऱ्यांनी धरा. चौथ्या कोपऱ्याला कोणी नव्हते. तिचा भाऊ ठाण्याला असतो.